'हालोगालो'मध्ये सम कुठे आहे?

ठेकाधारी
मी बारा वर्षं तबला शिकतोय. पाश्चात्य संगीत कानावर पडतं तेवढंच. गेल्या आठवड्यात एका मित्राने 'नॉय!' या जर्मन जोडीचा 1972 चा पहिला अल्बम ऐकवला. त्यातला पहिलाच तुकडा, 'हालोगालो', दहा मिनिटांचा आहे. ड्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच वाजवतो, गिटार एकाच सुराभोवती फिरते आणि गाणारं कोणी नाही. मी तो सलग चार वेळा ऐकला.

माझी अडचण अशी. सवयीने हात मांडीवर गेला आणि मी मात्रा मोजायला लागलो. चारचा हिशोब आहे हे कळतं, पण मिनिटभराने आपण पहिल्या मात्रेवर आहोत की तिसऱ्या, हेच समजेना. ठेका इतका सोपा असताना सम हरवते कशी? आणि कंटाळा का येत नाही? या काळातल्या जर्मन बँड्सना 'क्राउटरॉक' म्हणतात एवढंच मित्राला माहीत होतं. इथे जाणकार आहेत, जरा उलगडून सांगा.

चिन्मय_ड
सोपं आहे. ते ड्रम मशीन आहे. जर्मन लोकांनी त्या काळात यंत्रं आणली, क्राफ्टवर्क वगैरे. यंत्राला सम माहीत नसते, म्हणून तुम्हालाही सापडत नाही.

रिळावरचा
चिन्मय, क्राफ्टवर्कचा धागा बरोबर पकडलास, मशीनचा मात्र नाही. 'हालोगालो'चे ड्रम क्लाउस डिंगर नावाच्या माणसाने दोन हातांनी आणि पायाने वाजवलेत. तो आणि गिटारवाला मिखाएल रोटर हे दोघेही 1971 मध्ये काही महिने क्राफ्टवर्कमध्येच होते. त्या वेळी राल्फ ह्युटर बँडमधून बाहेर पडला होता आणि फ्लोरियन श्नायडर या दोघांना घेऊन कार्यक्रम करत होता. पुढे हे दोघे वेगळे झाले आणि त्याच डिसेंबरमध्ये हॅम्बुर्गच्या एका स्टुडिओत चार रात्रींत त्यांनी हा अल्बम उरकला. ध्वनिमुद्रणाला कॉनी प्लांक होता. त्याच्याबद्दल पुढे लिहितो, कारण माझ्या मते निम्मं उत्तर त्याच्यापाशी आहे.

ठेकाधारी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ठेक्याच्या रचनेतच सापडेल. नेहमीच्या रॉकमध्ये साधारण असं असतं: पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर पायाचा मोठा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर, म्हणजे काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम. वर वाजवणारा पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्यात काहीतरी फरक ठेवतो, एखादा जादा ठोका किंवा एखादी रिकामी जागा. त्या फरकावरून कान आवर्तन ओळखतो. डिंगरचा साचा एका आवर्तनाचे आठ भाग करून लिहिला तर असा दिसतो:

धम धम टक धम धम धम टक धम

तोंडाने म्हणून बघा. पहिले चार आणि पुढचे चार अगदी सारखे आहेत. स्नेअर सोडून उरलेल्या प्रत्येक जागी पाय पडतो. थोडं फिरवून म्हटलं तर 'टक धम धम धम, टक धम धम धम' एवढंच हाती राहतं. आठाचं आवर्तन ऐकायला चाराचं होतं आणि त्या चारातही सुरुवात दाखवणारी खूण नाही. वर हाय-हॅटची झांज आठही जागी सारखी. सम लपवलेली नाही, सगळ्याच जागा जवळजवळ समान वजनाच्या करून टाकल्यात.

ठेकाधारी
म्हणून बघितलं. आता कळलं! आमच्याकडे याच्या अगदी उलट असतं. तीनतालात 'धा धिं धिं धा' तीनदा जवळपास सारखंच येतं, पण मध्ये डग्गा काढून घेतात, 'धा तिं तिं ता', आणि ती खाली ऐकली की सम समोर दिसायला लागते. इथे पायाचा ड्रम कधी बाजूला होतच नाही. म्हणजे खालीच नाही! खाली नसली की सम कुठून दिसणार?

रिळावरचा
अगदी नेमकं सांगितलंत. इतकी वर्षं हे समजावतोय, 'खाली नाही' हे मला सुचलं नव्हतं.

फक्त एक सांगून ठेवतो. मी लिहिला तो साचा आहे, डिंगर त्याला बांधलेला नव्हता. मधूनच झांज येते, कुठे हात थोडा सैल सुटतो. पण 'आता पुढचा भाग येतोय' असं सांगणारी मोठी भरत तो टाळतो. रॉकमध्ये दर आठ आवर्तनांनी ड्रमर जी धडधड करून दार उघडतो, ते दार इथे नाही. या ठेक्याला समीक्षक 'मोटोरिक' म्हणतात. डिंगरला तो शब्द आवडत नसे, त्यात यंत्राचा वास येतो म्हणून. तो त्याला 'लांब सरळ रस्ता' अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचा आणि पुढे 'अपाची' म्हणू लागला.

मांडवीकाठचा
मी अंजुणेजवळ वाढलो. नव्वदच्या दशकात किनाऱ्यावर रात्रभर जे ट्रान्स वाजायचं त्यातही असंच होतं, सुरुवात नाही, शेवट नाही, पहाट झाली की कळायचं. मग आमचं गोवा ट्रान्स यातूनच आलं म्हणायचं का? म्हणजे मूळ जर्मन?

चिन्मय_ड
हो, मी हेच म्हणणार होतो. सरळ वारसा आहे.

रिळावरचा
सरळ नाही हो. ट्रान्समध्ये पायाचा ड्रम चारही ठोक्यांवर एकसारखा पडतो, तो ठेका डिस्कोकडून आला. डिंगरच्या ठेक्यात स्नेअर दुसऱ्या-चौथ्यावर ठाम बसलेली आहे, ती रॉकची खूण. त्या काळचं जर्मन संगीत आणि ट्रान्स यांना जोडणारा एक धागा मला खात्रीने सांगता येतो, तो सिक्वेन्सरचा, म्हणजे सुरांची ओळ आपोआप फिरवत ठेवणाऱ्या यंत्राचा. बर्लिनच्या मानुएल ग्युटशिंगने डिसेंबर 1981 मध्ये घरच्या स्टुडिओत एका बैठकीत तासभर सलग वाजवून 'ई2-ई4' नावाचं संगीत केलं. ते 1984 मध्ये निघालं आणि नंतर नाचणाऱ्यांच्या दुनियेत पोचलं. 'यातूनच आलं' म्हणण्यापेक्षा 'यातलंही थोडं मिसळलं' म्हणणं बरं.

मांडवीकाठचा
पटलं. पण रात्री चार वाजता ऐकणाऱ्याला डिस्कोचा पाय आणि रॉकची स्नेअर यांतला फरक कळत नसतो, त्याला गुंगी तीच येते. त्यामुळे माझा प्रश्न माझ्याकडे शिल्लक ठेवतो.

शलाका_म
रोटरबद्दल एक गोष्ट कोणीच सांगितली नाही. तो लहानपणी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, काही वर्षं कराचीत राहत होता. तिथे रस्त्यावर ऐकलेल्या न संपणाऱ्या सुरावटींचा परिणाम झाल्याचं त्याने मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे हे मुळात आपल्या तंबोऱ्याचंच संगीत नाही का? एक आधार स्वर, वर हळूहळू फुलणारे सूर.

रिळावरचा
शलाकाताई, कराचीचं खरं आहे. पण त्यातून 'आपलंच संगीत' इथवर उडी मारायला मी तयार नाही. रोटर आधी इंग्लिश-अमेरिकन गिटारवाल्यांची नक्कल करत मोठा झाला आणि मग ती मुद्दाम सोडायला लागला. ब्लूजचे स्वर नकोत, कॉर्ड बदलायची नाही, एकट्याने मिरवायचं नाही. त्या पिढीतल्या अनेक जर्मन पोरांना अमेरिकेचं उसनं नको होतं आणि आईबापांच्या पिढीचं तर त्याहून नको होतं. इतकं वजा केल्यावर जे उरलं ते एका सुरावर उभं राहिलं. कराचीने त्याला ते 'चालतं' हे आधीच ऐकवून ठेवलं असेल, एवढं मी मानतो.

तुम्हाला खरंच आवडेल असा दुवा मात्र दुसरा आहे. त्या अल्बमवर डिंगरच्या नावापुढे ड्रम आणि गिटारबरोबर 'जपान बँजो' लिहिलंय. ते म्हणजे जपानी ताइशोगोतो, कळा दाबून तारा छेडायचं वाद्य. हेच वाद्य भारतात येऊन बुलबुल तरंग झालं आणि आपल्या बेंजो पार्टीतला बेंजो त्याचाच वंशज.

शलाका_म
काय सांगता! आमच्या गल्लीत गणपतीत बेंजोवर नाचत मोठी झालेय मी. आज रात्री कान लावून ऐकणार. तंबोऱ्याचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

ठेकाधारी
माझा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय. सम नाही हे कळलं, पण कंटाळा का येत नाही? नुसतं 'टक धम धम धम' दहा मिनिटं वाजवलं तर घरचे मला बाहेर काढतील.

रिळावरचा
आता प्लांककडे येतो. मी मुंबईत टेपच्या जमान्यात ध्वनिमुद्रणाचं काम केलंय, त्यामुळे हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा.

दोनच माणसं होती, त्यामुळे सगळं एकदम वाजवणं शक्यच नव्हतं. वेगवेगळ्या ट्रॅकवर थर चढवावे लागले. रोटरने एक गिटार लांब ताणलेल्या सुरांची वाजवली, एक सुराचा पोत बदलणाऱ्या वाह-पेडलवर हलकी हलणारी आणि काही सूर टेप उलटी फिरवून घेतले. सुलटी गिटार छेडल्यावर एकदम मोठी असते आणि विरत जाते. उलटी फिरवली की ती शून्यातून फुगत येते आणि शिखरावर अचानक तुटते. त्या आवाजाला छेडल्याचा ठोका नसतो, त्यामुळे तोही मात्रा दाखवत नाही. ड्रमने सम पुसली आणि गिटारीने कडाही पुसल्या.

मग मिश्रण. आज संगणकावर आवाजांची पातळी आखून ठेवता येते आणि पुन्हा तशीच मिळते. तेव्हा प्रत्येक सरक्यावर बोट ठेवून, दहा मिनिटं गाणं चालू असताना, हातानेच वरखाली करायचं. प्लांकला कुठल्या थरात कुठे काय चांगलं आहे ते पाठ असायचं. तो एक थर इतका हळू वर आणतो की तो आला कधी ते कळत नाही. अर्ध्या मिनिटाने लक्षात येतं की हवा बदलली आहे आणि आधीचा थर गेलाय. कानाला बदल हवाच असतो. तो दिला आहे, फक्त त्याच्या कडा काढून घेतल्यात.

एक प्रयोग करा. हेडफोन लावून दुसरं मिनिट ऐका, मग थेट आठवं. ड्रम तोच आणि बाकी जागा दुसरीच वाटेल. सलग ऐकताना हे अंतर कापल्याचं कळत नाही.

ठेकाधारी
आत्ता केला. आठव्या मिनिटाला मी कुठल्या कुठे होतो. आमच्याकडे लेहरा असतो ना, सारंगी किंवा पेटी तीच ओळ फिरवत राहते आणि तबला वर खेळतो. इथे तबलाच लेहरा झालाय आणि सुरावट खेळतेय.

पिंपरी_ड्रम्स
मला माफ करा, विषय थोडा वळवतोय. आमचा चौघांचा बँड आहे आणि आम्ही असाच दहा मिनिटांचा तुकडा बसवतोय. ड्रमर मी. वरचा साचा मी आधीपासूनच वाजवतो, तरी ऐकणारे तिसऱ्या मिनिटाला मोबाइल काढतात. माझा ड्रम सेट साधा आहे, स्नेअर महागडी घ्यावी का?

रिळावरचा
स्नेअर बदलू नका. तालमीचं ध्वनिमुद्रण करा, अगदी फोनवर, आणि पहिलं मिनिट व शेवटचं मिनिट एकापाठोपाठ ऐका. तीन गोष्टी तपासा.

लय चढलीय का? सलग तीन धम मारताना पिंढरी भरून येते आणि माणूस ते लवकर उरकायला लागतो, बहुतेकांचं इथेच बिनसतं. दुसरं, स्नेअर इतरांपेक्षा फार मोठी आहे का? डिंगरच्या ठेक्यात स्नेअर आणि पाय एकमेकांना रेटत नाहीत. स्नेअर जोरात आली की तो साधा रॉक होतो आणि ऐकणारा गायकाची वाट बघायला लागतो. तिसरं, दर आठ आवर्तनांनी तुमचा हात भरत घ्यायला टॉम ड्रमकडे जातो का?

पिंपरी_ड्रम्स
कालचं ऐकलं. लय चढलीय, स्पष्ट. आणि दर आठ नाही, दर चारला भरत घेतोय. मला स्वतःला पत्ताच नव्हता.

सातारकर_काका
अरे पोरा, निराश होऊ नकोस. मी तरुणपणी जॅझ ऐकत असे म्हणून दुसऱ्या एका ड्रमरची गोष्ट सांगतो. कोलोनच्या 'कान' बँडचा याकी लीबेत्साइट. तो आधी फ्री जॅझ वाजवायचा. तिथे सगळी मोकळीक, फक्त एकच गोष्ट परत वाजवायची नाही. त्याला ते बंधन वाटू लागलं. तो सांगायचा की एकदा कार्यक्रमानंतर कोणी अनोळखी माणूस येऊन म्हणाला, तू एकसुरी वाजवायला हवंस. ते त्याने मनावर घेतलं. वाजवता येत होतं म्हणून त्याला गाळता आलं. तूही आधी भरती शिकलास, आता त्या न घ्यायला शिक.

चिन्मय_ड
'कान'चाही तोच मोटोरिक ना? 'हालेलूवा' ऐकलंय, अठरा मिनिटं.

सातारकर_काका
नाही, नीट ऐक. लीबेत्साइटचा ठेका वर्तुळासारखा आहे. त्यात मोकळ्या जागा आहेत, वजन कमीजास्त आहे, कमरेतून हलतो. फिरून फिरून त्याच उंबऱ्यावर येतो आणि आपल्याला ते कळतं. डिंगर परत येतच नाही, पुढेच जातो. दोन्हींत पुनरावृत्ती आहे म्हणून एका पोत्यात भरू नये. ठेकाधारींना 'हालेलूवा'त सम सापडेल.

ठेकाधारी
सापडली काका! लगेच सापडली. डोलायला होतं. 'हालोगालो'त डोलायला होत नाही, चालायला होतं.

रिळावरचा
काकांशी सहमत. आणि 'कान'ची टेपची बाजू आणखी वेगळी. तेव्हा त्यांच्याकडे दोनच ट्रॅकची मशीन होती. म्हणजे कोण किती मोठा ऐकू येणार हे वाजवतानाच ठरायचं, नंतर प्लांकसारखं सरके हलवायची सोय नाही. ते तासन्‌तास वाजवायचे आणि बासवाला होल्गर चुकाय, जो श्टोकहाउझेन या संगीतकाराकडे शिकला होता, टेप कात्रीने कापून जोडायचा. 1971 च्या 'तागो मागो' अल्बममधले लांब तुकडे असे घडले. आता विचार करा, लय जरा जरी चढली असती तर पंधराव्या मिनिटाचा तुकडा चौथ्याला जोडताच आला नसता, सांध्यावर ठेच लागली असती. लीबेत्साइट स्थिर होता म्हणून कात्री चालली.

शलाका_म
रात्री अल्बम ऐकला. बेंजो नेमका कुठे आहे ते शोधतेय. पण मधल्या वेळात 'नॉय! 2' लागला आणि मागच्या बाजूला तर काहीतरी बिघडलंय. एक तुकडा इतका भरधाव की हसू येतं, दुसरा चिखलात रुतल्यासारखा. फाइल खराब आहे का?

रिळावरचा
फाइल चांगली आहे. 1973 मध्ये हा दुसरा अल्बम करताना पैसे संपले आणि एक बाजू जवळपास रिकामी होती. आधीच्या वर्षी त्यांची एक छोटी तबकडी निघाली होती, 'नॉयश्नी' आणि 'झूपर'. ती मिनिटाला 45 फेऱ्यांची तबकडी त्यांनी 78 वर आणि 16 वर फिरवून पुन्हा मुद्रित केली. तुकड्यांच्या नावांतच आकडे आहेत.

हिशोब करून बघा. 45 ची 78 वर नेली की वेग पावणेदोन पटींच्या जरा खाली जातो आणि सूर साधारण साडेनऊ अर्धस्वर वर चढतो. 16 वर, म्हणजे खरं तर सोळा पूर्णांक दोन तृतीयांश, वेग एक तृतीयांशाच्या थोडा वर राहतो आणि सूर एक सप्तक उतरून वर पाच अर्धस्वर आणखी खाली जातो. मला यातलं 'झूपर 16' प्रामाणिकपणे आवडतं. त्याच ठेक्यातला एकेक धम इतका लांबतो की पायाच्या ड्रमच्या आत काय चाललंय ते ऐकू येतं. ताल संपून नुसता पोत उरतो.

सातारकर_काका
मला ती बाजू आजही फसवणूक वाटते. पैसे देऊन घेतलेल्या अल्बमवर जुनी तबकडी चुकीच्या वेगाने? तेव्हाही लोक चिडले होते आणि त्यात वावगं काही नव्हतं.

रिळावरचा
काका, यावर आपलं जमणार नाही.

चिन्मय_ड
मग खरं यंत्र कुठे आहे? कोणीतरी यंत्र वापरलंच असेल.

रिळावरचा
वापरलं की. 'कान'च्या 'स्पून'मध्ये लीबेत्साइट साध्या ऱ्हिदम मशीनच्या बरोबरीने वाजवतो. पण तुला हवंय ते बर्लिनच्या टँजरीन ड्रीम या बँडमध्ये सापडेल. 1973 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये त्यांनी 'फेड्रा' अल्बम मुद्रित केला. मूग कंपनीच्या सिंथेसायझरच्या सिक्वेन्सरवर एका ओळीत आठ बटणं, प्रत्येक बटण म्हणजे एक सूर. क्रिस्टोफर फ्रांके चालू ओळीतलं एखादं बटण किंचित फिरवायचा, म्हणजे आठांतला एकच सूर सरकायचा. इथे मात्र यंत्रच माणसासारखं वागलं. त्या काळच्या ऑसिलेटरचा, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या भागाचा, सूर तापमानावर हलायचा, वाद्य तापत गेलं की सूर घसरायचा. शीर्षक तुकड्यात तो घसरलेला ऐकू येतो आणि त्यांनी तो तसाच ठेवला. बासची ओळ वरच्या सुरांशी कुठे जुळते आणि कुठे सुटते ते ऐक, लगेच कळेल.

चिन्मय_ड
म्हणजे माणूस यंत्रासारखा आणि यंत्र माणसासारखं. ठीक आहे, माझं पहिलं वाक्य मागे घेतो.

शलाका_म
एक शंका. 'क्राउट' म्हणजे कोबी ना? यांना हे नाव चालायचं?

सातारकर_काका
आंबवलेल्या कोबीवरून इंग्रजी बोलणारे सैनिक जर्मनांना हिणवून तसं म्हणायचे. हे नाव ब्रिटिश संगीत पत्रकारांमुळे चिकटलं. बहुतेकांना ते आवडलं नाही. 'फाउस्ट' या जर्मन बँडवाल्यांनी 1973 मध्ये बारा मिनिटांच्या एका तुकड्यालाच 'क्राउटरॉक' नाव देऊन टाकलं. मी स्वतः तो शब्द वापरत नाही.

मांडवीकाठचा
मग एकत्र काय म्हणायचं, काका? तुम्हीच म्हणालात की 'कान' आणि 'नॉय!' एका पोत्यात भरू नये.

सातारकर_काका
एकत्र म्हणायची गरजच काय?

पिंपरी_ड्रम्स
आज परत बसलो. भरती काढल्या, स्नेअर हलकी केली, लय थोडी उतरवून सुरुवात केली. सहा मिनिटांपर्यंत टिकली, मग पाय गेला. गंमत अशी की चौथ्या मिनिटानंतर आमची गिटारवाली म्हणाली, तिला आता मी ऐकूच येत नाहीये, फक्त तिचीच गिटार ऐकू येतेय. हे बरोबर चाललंय की चुकतंय?

ठेकाधारी
लेहरा धरणाऱ्या सारंगियाला विचारा, तो म्हणेल बरोबर चाललंय. पाय मात्र रोज पंधरा मिनिटं घासा.

शलाका_म
बेंजो अजून सापडला नाही. कोणाला मिनिट-सेकंद माहीत असेल तर सांगा.